पाहिले. मान्य नाही.

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता मी माझ्याच घराची बेल वाजवली आणि आतून आवाज आला, "कोण? काय काम आहे?"

घर आता माझं नाही, हे मला मान्य आहे. मे महिन्यात खरेदीखत झालं, किल्ल्या दिल्या, पेढेही खाल्ले. पण बावीस वर्षं ज्या दाराला मी आतून "कोण?" म्हणालो, त्याच दाराने मला तेच विचारावं म्हणजे जरा जास्तच झालं. वीजमीटरवरचं नाव बदलायच्या कागदांवर माझी सही हवी होती. नव्या मालकाला सातच्या कंपनीच्या बसने जायचं असतं, म्हणून "आप्पा घरी आहेत, त्यांच्यापुढे सही करा" असा निरोप होता. आप्पा म्हणजे त्याचे वडील. कुठल्याशा सरकारी खात्यातून वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. खातं कोणतं ते सांगत नाही, पण ज्यांची फाइल तिथे अडकली असेल त्यांना पुढचं वाचताना आपोआप कळेल.

सही दोन मिनिटांत झाली. मग आप्पांनी टेबलावरून एक फाइल ओढली, तिची लाल नाडी सोडली आणि आतून माझी चिठ्ठी काढली.

चिठ्ठीबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही जिथे राहायला गेलो त्या घराच्या आधीच्या मालकाने जाताना बल्ब तर नेलेच, होल्डरही नेले. पडद्यांचे रॉड, कमोडचं झाकण, अंगणात नसलेल्या तुळशीचा कट्टा, सगळं गेलं. गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दांडा कापून नेला होता, त्याची दोन टोकं अजून भिंतीतून डोळे वटारून बघतात. मुख्य कॉक कुठे आहे हे शोधायला आम्हाला पाच दिवस लागले. तो माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे निघाला. खोकंही त्यांचंच, ते मात्र नेलं नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, आपण असं वागायचं नाही. आपल्या घरात जो येईल त्याला घर कसं वागवायचं ते लिहून ठेवायचं. चार फुलस्केप पानं झाली. ही म्हणाली, "अहो, घर विकलंय, मुलगी नाही दिलेली." मी ऐकलं नाही. फ्रीजच्या जागेवरच्या भिंतीला चिठ्ठी चिकटवून आलो.

त्या चार पानांच्या समासात आता हिरव्या शाईने शेरे होते.

'पावसाळ्यात दार फुगतं, रंधा मारू नये' या माझ्या वाक्यापुढे लिहिलं होतं: 'सुतारास दाखविले. रंधा मारण्यात आला.' 'शेजारच्या काकूंना आपला पेपर आधी लागतो, सात वाजेपर्यंत द्यावा' यापुढे: 'कोणत्या नियमान्वये?' आणि मला सगळ्यांत प्रिय असलेल्या मुद्द्यापुढे, म्हणजे न्हाणीघराच्या नळाबद्दलच्या दीड पानापुढे, आडवी रेघ मारून लिहिलं होतं: 'पाहिले. मान्य नाही.' खाली सही, तारीख.

"बसा," आप्पा म्हणाले. माझ्या हॉलमध्ये त्यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. "तुम्ही पूर्वाश्रमीचे मालक. तुमचं म्हणणं ऐकून घेणं आमचं काम आहे. पाणी घेणार? घरात वापरायला नाहीये, पण प्यायला आहे."

"वापरायला का नाही?"

"काल संध्याकाळपासून न्हाणीघरात नळ फुसफुसतो आणि गप्प होतो. टाकी भरलेली आहे, मी स्वतः पाहणी केली."

गुरुवारी पाणी बंद होतं. पुण्यात राहणाऱ्याला ते वाक्य झोपेतही म्हणता येतं: गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. गुरुवारी टाकी तळाला जाते. आमची इमारत दुमजली, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर. बिल्डरने टाकीतून निघणारा पाइप सरळ खाली न आणता गच्चीच्या कठड्यावरून चढवून मग खाली सोडलाय. टाकी रिकामी झाली की त्या चढावात हवा शिरते. नंतर टाकी भरली तरी पाण्याची पातळी कठड्याच्या जेमतेम वितभर वर असते, आणि तेवढ्या वजनाला तो हवेचा फुगा हलत नाही. म्हणून टाकी काठोकाठ आणि नळ कोरडा. बावीस वर्षांत हे मी साठ-सत्तर वेळा पाहिलंय. नळ आधी फुस्स करतो, मग दोन गुळण्या टाकतो, मग मौन.

"आप्पा, ते पान दोन वाचा. एअरलॉक आहे."

"वाचलंय. म्हणूनच शेरा मारलाय."

"अहो, स्वयंपाकघरातल्या डायरेक्ट नळाला कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी जोरात असतं. माळ्यावर मी हिरवा पाइप ठेवलाय, वीस फुटी. त्याचं एक टोक त्या नळाला, दुसरं न्हाणीघराच्या नळाला लावायचं. आधी न्हाणीघराचा नळ पूर्ण उघडायचा, मग स्वयंपाकघरातला. पाणी उलटं वर चढतं आणि हवेला टाकीत ढकलून देतं."

आप्पांनी चष्मा काढला. "पाणी उलटं चढतं."

"हो."

"वरून खाली यायचं पाणी आपण खालून वर पाठवायचं."

"दोन-तीन मिनिटं फक्त."

"आणि हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"प्लंबरने. दोन हजार तीन-चार साली."

"लेखी?"

मी म्हणालो नाही, तोंडी. त्यांनी फाइलवर काहीतरी टिपलं. 'तोंडी' असावं.

"बरं," ते म्हणाले, "तुम्ही इथे लिहिलंय, 'बंद करताना आधी स्वयंपाकघरातला नळ बंद करावा.' उघडताना आधी न्हाणीघर, बंद करताना आधी स्वयंपाकघर. ही विसंगती नाही?"

ही विसंगती नव्हे, हा त्या चिठ्ठीचा प्राण आहे! न्हाणीघराचा नळ बंद असताना डायरेक्टचा सोडला, तर पाण्याला जायला वाट नसते आणि पाइप नळावरून उडून कट्ट्यावरचं पीठ, पोळ्या आणि सासूबाई भिजतात. हे अनुभवातून लिहिलंय. आणि काम झाल्यावर डायरेक्टचा नळ उघडा राहिला, तर खालचं पाणी गेल्याबरोबर टाकीचं पाणी पाइपातून डायरेक्टच्या लाइनीत उतरतं. तेच आपण पितो. आमच्या टाकीत एकदा पारवा सापडला होता, इतकंच सांगतो. म्हणून काम झालं की पाइप लगेच काढून माळ्यावर टाकायचा. मी हे सगळं उभं राहून, हातवारे करून सांगितलं. आप्पा शांतपणे ऐकत होते. निवृत्त अधिकाऱ्याचं ते शांत ऐकणं ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे, त्या वेळी ते आपलं म्हणणं ऐकत नसतात, आपलं संपायची वाट बघत असतात.

"तुमचा हेतू चांगला आहे," आप्पा म्हणाले. "पण तुम्ही तज्ज्ञ नाही."

घड्याळात पावणेआठ झाले होते. डायरेक्टचं पाणी साडेआठला जातं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाइप लावून काही उपयोग नाही. माझा जीव खालीवर होत होता, आणि घर माझं नव्हतं! मी उठून माळ्याकडे हात केला, तर आप्पा म्हणाले, "थांबा. आपल्याला परवानगी नाही." हे त्यांनी इतक्या सवयीने म्हटलं की मी खरंच थांबलो.

थांबलो आणि दार बघत बसलो. रंधा मारलेलं दार. भर जुलैत! त्या दाराची खालची कड सुताराने कधी रंगवलीच नव्हती. उघड्या कडेतून लाकूड पावसाळी हवा पितं आणि फुगतं, दिवाळीपर्यंत आपोआप आक्रसतं. जुलैत खेटतंय म्हणून तासलं, तर नोव्हेंबरात खाली बोट जाईल एवढी फट पडते. उपाय एवढाच की एप्रिल-मेमध्ये, लाकूड कोरडं असताना, दार बिजागरीतून उतरवून खालच्या कडेला रंगाचे दोन हात द्यायचे. मी हेही लिहिलं होतं. खरं सांगायचं तर ते काम मी स्वतः बावीस वर्षांत केलं नाही, पण लिहिलं होतं. पावसाळ्यात मूठ किंचित वर उचलून दार ओढायचं, बस. दिवाळीत त्या फटीतून पाल आत येईल, तेव्हा आप्पांनी तिच्याकडे लेखी खुलासा मागावा.

हे मी मनात म्हणालो. अजूनही म्हणतोय. फ्लॅट विकताना सोसायटीने पंचवीस हजार प्रीमियम घेतला, ती नियमातली कमाल मर्यादा आहे. मग वर 'स्वेच्छेने' देणगी मागितली आणि स्वेच्छेचा आकडाही त्यांनीच सांगितला. तिथे कुणी समासात शेरा मारला नाही. फुकट दिलेल्या चार पानांना मात्र छाननी.

आठ वाजून दहा मिनिटांनी प्लंबर आला. आप्पांनी त्याला रात्रीच फोन केला होता. नवा पोरगा, कानात हेडफोन. नळ फिरवला, फुस्स ऐकलं, हेडफोन न काढताच म्हणाला, "एअर धरलीय. पाइप आहे का लांबसा?"

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माळ्यावर असावा."

माझाच हिरवा पाइप खाली आला. त्याला मी पुठ्ठ्याची पाटी बांधली होती, 'टाकू नये, फार उपयोगी'. पोराने दोन टोकं दोन नळांना लावली, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळली (तीही मी ठेवली होती), आधी न्हाणीघराचा नळ सोडला, मग स्वयंपाकघरातला. पाइप ताठ झाला. मिनिटभराने गच्चीवरून टाकीचा तो ओळखीचा आवाज आला, जेवण झाल्यावर आजोबा ढेकर देतात तसा. मग त्याने आधी स्वयंपाकघरातला नळ बंद केला. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा त्याच्याकडे पाहत होते, कौतुकाने.

"बघा," ते मला म्हणाले, "ज्याचं काम त्यानेच करावं."

सहाशे रुपये. आप्पांनी पावती मागितली. पोराजवळ पावतीपुस्तक नव्हतं, तेव्हा आप्पांनी माझ्या चिठ्ठीचं चौथं पान उलटं केलं, त्याच्या कोऱ्या पाठीवर 'रु. 600/- मिळाले' असं लिहिलं आणि त्याची सही घेतली. पोरगा पाइप गुंडाळत म्हणाला, "काका, हा नेऊ का? गिऱ्हाइकांकडे लागतो नेहमी."

"तो माझा..." मी म्हणालो.

"न्या, न्या," आप्पा म्हणाले. "आपल्याकडे काय कामाचा?"

पाटीसकट नेला. मी चप्पल घालत होतो तेव्हा आप्पांनी हिरवं पेन उघडलं, पान दोनवरच्या शेऱ्याखाली 'कार्यवाही पूर्ण' लिहिलं आणि लाल नाडीची गाठ मारली. निघताना मी दार ओढलं. सवयीने मूठ वर उचलून. त्याची काही गरज नव्हती, दार अलगद लागलं.

पुढचा गुरुवार येतोच आहे.