‘स्कोअरिंग’ म्हणे! कुठे छापलंय ते दाखवा

डोकं फिरलंय माझं. भाची यूपीएससीची तयारी करतेय आणि मुख्य परीक्षेत आपण निवडायचा तिचा ऑप्शनल विषय काय असावा हे फोंड्यातले शेजारी, पणजीचे क्लासवाले आणि लग्नात भेटलेले काका ठरवतायत. सगळ्यांचं तुणतुणं एकच: मानववंशशास्त्र घे, सिलॅबस छोटा, स्कोअरिंग आहे.

कशावरून स्कोअरिंग? आयोगाच्या वार्षिक अहवालात विषयवार किती जण मुख्य परीक्षेला बसले आणि किती निवडले गेले एवढं असतं. कुठल्या विषयाला सरासरी किती गुण पडले याचा तक्ता त्यात नसतो. क्लासवाल्यांनी भिंतीवर लावलेल्या 500 पैकी 300 पार गुणपत्रिका निवड झालेल्यांच्या. तोच विषय घेऊन आपटलेल्यांच्या गुणपत्रिका कोण लावतो? निवडीचं प्रमाणही फसवं. वैद्यकशास्त्र बहुतेक डॉक्टरच घेतात, तिथे विषय चांगला की उमेदवार, हे कसं ओळखणार?

पोरीला भूगोल हवाय. लहानपणापासून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर वाढलेली. भरती आली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदरवाज्याची, दारं कशी आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातलं पाणी कसं बाहेर जातं, हे ती उभ्या उभ्या समजावते. तिच्यापुढे क्लासवाल्याने गुणसूत्रांचे दोष आणि नातेसंबंधांच्या आकृत्या टाकल्या. आठ दिवसांत पोरगी वही उघडायला टाळाटाळ करू लागली. ऑप्शनलचे दोन पेपर, 250-250 गुणांचे, म्हणजे मुख्य परीक्षेच्या 1750 पैकी 500. नावडता विषय दोन-तीनदा उजळायचा कोणी, त्या काकांनी?

भूगोलाचा जीएसशी, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या सामान्य अध्ययनाशी, ओव्हरलॅप आहे, तोही डोळे मिटून मोजू नये. चक्रीवादळं, भूकंप, त्सुनामी जीएस-1 मध्येही आहेत. पण तिथे बंगालच्या उपसागरात वादळं जास्त का, हे दीडशे-अडीचशे शब्दांत सांगून भागतं. ऑप्शनलमध्ये डेव्हिस आणि पेंक या भूगोलतज्ज्ञांचे भूरूपांच्या घडणीचे सिद्धांत समोरासमोर ठेवून मतभेद लिहावे लागतात. प्रकरणाचं नाव एक, मेहनत वेगळी. म्हणून मी तिला म्हटलं, मागचे पेपर काढ, प्रत्येक प्रश्नापुढे खूण कर: जीएसच्या वाचनावर हा किती लिहिता येईल? पेपर एकमध्ये अशा खुणा कमीच निघाल्या, भारताच्या भूगोलाच्या पेपर दोनमध्ये बऱ्याच. एवढं साधं काम, आणि हजारो रुपये फी उकळणाऱ्या क्लासात एकाने तिच्याकडून करून घेतलं नाही! संताप येणार नाही तर काय?

यापुढे तिला विषय बदल सांगायला जो येईल, त्याच्यासमोर मानववंशशास्त्राचा मागचा पेपर ठेवणार. आठांतले पाच प्रश्न, पहिला आणि पाचवा सक्तीचा, तीन तास. आधी तुम्ही लिहून दाखवा, मग बोला.