हीट सिंक, पेस्ट आणि ‘अभ्यास करून लिहा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डेस्कटॉप तापतो तो हीट सिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, धुळीमुळे, असे मी लेखात लिहिले होते; प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टबद्दल थोडेच. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया:

“सगळा दोष धुळीला देऊन पेस्ट दोन ओळींत उरकलीत. भारी पेस्ट लावली की दहा अंश सहज उतरतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शिवाय कोकणातल्या दमट हवेत उष्णता बाहेर पडतच नाही, त्याचा उल्लेखही नाही. अभ्यास करून लिहा.”

महोदय, मतभेदाचे स्वागत आहे. ‘अभ्यास करून लिहा’ या आज्ञेचे नाही. मालवणात संगणकदुरुस्ती करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे आणि खारट ओलीने पांढरी पडलेली हीट सिंकची पाती मी नखाने खरवडली आहेत. पेस्टला दोनच ओळी दिल्या, हा आक्षेप मात्र मान्य.

त्या दहा अंशांचा हिशेब करू. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर, पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर आणि तिची उष्णतावाहकता ४ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर त्या थराचा उष्णतेला होणारा रोध प्रतिवॅट जेमतेम ०.०१४ अंश येतो. म्हणजे ६५ वॅटला त्या थरात एक अंशाहून कमी फरक पडतो. दुप्पट वाहकतेची भारी पेस्ट आणली तरी त्यातला अर्धाच अंश वाचतो. उष्णता झाकणाच्या मध्यावर एकवटते म्हणून तो दीड-दोन अंश धरा; दहा कुठून आणणार? लॅपटॉपमध्ये झाकण नसते, तिथे पेस्टचे वजन वाढते. पण माझा लेख डेस्कटॉपवर होता, हे वाचले असतेत तर कळले असते.

आता ज्या संगणकावरून लेख लिहिला, त्याचे आकडे पाहा. कॅबिनेटमधली हवा ३९ अंश, हीट सिंकचा तळ ७८, प्रोसेसरच्या आतली चिप, म्हणजे जंक्शन, ९१ आणि भार ६५ वॅट. जंक्शनपासून तळापर्यंत १३ अंश, म्हणजे पेस्टसकट प्रतिवॅट ०.२, तळापासून हवेपर्यंत ३९ अंश, म्हणजे प्रतिवॅट ०.६. तीन चतुर्थांश रोध पात्यांपाशी अडला असताना मी पेस्ट का उगाळत बसावे? पात्यांमधला धुळीचा नमदा काढल्यावर तो ०.६ चा रोध ०.३५ वर आला, तळ ६२ वर आणि जंक्शन ७५ वर. पेस्टला हातही लावला नव्हता.

दमटपणाने घाम सुकत नाही, तो आपला. हीट सिंकला घाम येत नाही.

पेस्ट दोषी असते तेव्हा आकडेच तसे सांगतात: हवा तीच ३९, तळ ६२ वर, पण जंक्शन ९१ वर. त्या वेळी स्क्रू ढिला आहे का किंवा पेस्ट सुकून मध्ये हवा शिरली आहे का, हेच मी आधी पाहतो, कारण हवेची वाहकता ०.०२६ च्या आसपास, म्हणजे वरच्या पेस्टच्या दीडशेव्या भागाइतकी असते. तेव्हाही दुकानातली साधी पेस्ट पुरते.