सातशे पानं, पाच जण आणि गायब खन्ना

मॅडमनी दिलेला हँडआउट अर्ध्या पानाचा होता आणि वाचायचं होतं ते सातशे पानांच्या वरचं. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, सुप्रीम कोर्टाचा निकाल, 24 एप्रिल 1973. हँडआउट म्हणे, पाच जणांचा ग्रुप करा, वाचन समान भागात वाटून घ्या, प्रत्येकानं आपल्या भागाचा सारांश दोन पानांत लिहा, मग सगळे सारांश 'एकत्र करा' आणि खाली सगळ्यांनी सह्या करा. एकत्र करा म्हणजे काय करा, ते काही लिहिलेलं नव्हतं, आणि पुढचा सगळा तमाशा त्या दोन शब्दांमुळेच झाला.

वाटणी नागपुरात बर्डीवरच्या एका टपरीवर तर्री पोहे खाता खाता झाली. आमच्यातल्या बल्लारशाहवाल्यानं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सातशेला पाचनं भागलं, एकशे चाळीस आले, आणि तो म्हणाला, "झालं ना बे, एवढं काय डोकं लावून राहिले?" टॉपरला पहिले एकशे चाळीस, मग वकिलाचा पोरगा, मग बल्लारशाहवाला, मग मी, आणि हिंगण्याहून बसनं येणाऱ्या पोरीला शेवटचे. सगळे खूश, कारण पान नंबरात कोणाला भांडता येत नाही.

आता गंमत अशी आहे की हा निकाल म्हणजे एक निकाल नाहीच. तेरा न्यायाधीश, त्यांनी मिळून अकरा वेगवेगळी निकालपत्रं लिहिली, कारण शेलत-ग्रोव्हर यांचं एक आणि हेगडे-मुखर्जी यांचं एक अशी दोन जोडीनं होती, बाकी सगळे आपापले. प्रश्न एकच, संसद घटनेत वाट्टेल ती दुरुस्ती करू शकते का, आणि त्यावर सात विरुद्ध सहा. म्हणजे पान नंबर 281 पासून वाचणाऱ्याला माहीतच नाही की तो कोणाच्या तोंडचं वाचून राहिला आहे. दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून मधूनच ऐकायला लागल्यासारखं.

सारांश आले रविवारी. मर्ज करायचं काम माझ्याकडे, कारण लॅपटॉप माझा (ग्रुप स्टडीत ज्याच्याकडे लॅपटॉप तो गाढव, हे लिहून ठेवा). कूलरसमोर बसलो, पाचही एकाखाली एक पेस्ट केले आणि वाचायला लागलो. पान एकवर टॉपरचं वाक्य: 'कोर्टाने म्हटले की घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही.' शेवटच्या पानावर हिंगणेवालीचं वाक्य: 'कोर्टाने म्हटले की संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही.' दोघींनीही बरोबर वाचलं होतं यार. टॉपरच्या वाट्याला सरन्यायाधीश सिक्री, मग शेलत-ग्रोव्हर असे बहुमतवाले आले होते, आणि रिपोर्टात सगळ्यात शेवटी जे चौघं येतात, मॅथ्यू, बेग, द्विवेदी आणि आपले यशवंत चंद्रचूड, ते चारही अल्पमतातले. बिचारीनं नुसतं अल्पमतच वाचलं आणि त्याला कोर्ट म्हटलं.

वकिलाच्या पोरानं तर आणखी कमाल केली होती. त्याच्या दोन पानांत दीड पान याचिकाकर्त्याचे वकील पालखीवाला यांचं होतं. न्यायाधीश आधी दोन्हीकडच्या वकिलांचं म्हणणं पानंच्या पानं मांडतात, पालखीवाला असं म्हणतात, सीरवाई तसं म्हणतात, आणि मग कुठंतरी हळूच 'हे आम्हाला मान्य नाही' येते. हा त्या वाक्याच्या आधीच थांबला होता. मी फोन केला तर म्हणतो, "अरे बावा, एवढं मस्त लिहिलं आहे, चूक कसं असेल?" घरचे संस्कार, दुसरं काय.

मला वाटलं ठीक आहे, निदान मोजून पाहू. कागदावर डावीकडे तेरा नावं एकाखाली एक, वर चार प्रश्न: संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत म्हणणारा गोलकनाथचा 1967 चा निकाल टिकतो का, तो फिरवायला आणलेली 24 वी दुरुस्ती वैध का, दुरुस्तीला मर्यादा आहे का, आणि 25 व्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 31ग चा तो दुसरा तुकडा, कोर्टानं विचारायचंच नाही म्हणणारा, तो टिकतो का. सारांशातलं एकेक वाक्य उचलायचं, हे कोण म्हणालं ते विचारायचं आणि त्याच्या रांगेत टाकायचं. ज्याला मालक नाही ते वाक्य बाद. अर्धे 'कोर्टाने म्हटले' असे तिथंच मेले. 24 व्या दुरुस्तीच्या रकान्यात मात्र सगळे वैधच म्हणत होते, भांडण तिथं नव्हतंच. मर्यादेच्या रकान्यात आलो, मोजलं. सहा हो, सहा नाही.

पुन्हा मोजलं. सहा-सहा. तेरा माणसांत सहा-सहा कसं होईल?

खन्ना नव्हते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना, ज्यांच्या एका मतावर हा अख्खा खटला फिरला, ते आमच्या पाचांपैकी कोणाच्याच सारांशात नव्हते. बल्लारशाहवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "माझं संपलं ना तिथं, पुढचं तुझं." मी म्हटलं माझं तर मॅथ्यूंपासून सुरू. मग उलगडलं. त्याच्याकडे झेरॉक्स होती लायब्ररीतल्या छापील रिपोर्टाची, आणि मी वाचलं ते नेटवरून उतरवलेल्या पीडीएफमधून, अक्षर वेगळं, पानं वेगळी. त्याचं चारशे वीस आणि माझं चारशे एकवीस यांच्या मधल्या खिंडीत खन्ना पडले होते. परिच्छेद नंबरानं वाटलं असतं तरी एकच रिपोर्ट धरावा लागला असता, कारण प्रत्येक प्रकाशक नंबर आपापले टाकतो. न्यायाधीशांच्या नावानं वाटलं असतं तर ते हरवूच शकले नसते.

खन्ना मग मीच वाचले, त्या रात्री, लाईट दोनदा जाऊन. आणि हा माणूस दोन पानांत मावणाराच नाही. दुरुस्तीचा अधिकार मोठा आहे म्हणतात, मूलभूत हक्कांतही दुरुस्ती होऊ शकते म्हणतात, मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीत येत नाही म्हणतात, अल्पमतवाल्यांना वाटावं आपलाच आहे. आणि तरी घटनेची चौकट मोडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे म्हणतात. हिंगणेवालीनं एका वाक्यात करून दिलं: 'खन्नांच्या मते मूलभूत हक्क चौकटीत नाहीत.' मी म्हटलं चूक आहे, ते फक्त मालमत्तेबद्दल आहे. पण तिच्यावर हसायची सोय नव्हती, कारण तेव्हा बऱ्याच मोठ्या लोकांनी त्यांचं तसंच वाचलं, आणि 1975 मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या खटल्यात खन्नांना स्वतःच लिहावं लागलं की बाबांनो, मी असं म्हटलेलं नाही. स्वतःच्या लिखाणाचा सारांश स्वतःच दुरुस्त करायचा, दोन वर्षांनी!

तेरावी रांग भरली, सात-सहा झालं, टॉपरनं लगेच एक पानाचं 'बहुमताचं म्हणणं' टाईप केलं. मग हिंगणेवाली अडून बसली. म्हणे, "मी वाचलेल्यांत एकानंही हे म्हटलं नाही, मी काऊन सही करू?" टॉपर म्हणाली, तू न्यायाधीश आहेस का. तर हिनं तिला दाखवलं की खुद्द कोर्टातही अकरा निकालांच्या शेवटी असंच एक छोटं पान जोडलं होतं, त्यावर तेरांपैकी नऊच सह्या आहेत. राय, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी केली नाही. चंद्रचूड आणि पालेकर अल्पमतात असूनही त्यांनी केली, असं मी मध्ये बोललो, तर ती म्हणाली, "मग त्यांनाच विचार ना."

असाईनमेंट चार सह्यांनी गेली. पाचव्या जागी तिनं दोन पानांचं वेगळं मत जोडलं, आणि मॅडमनी मार्क दिले ते फक्त तिला.