हप्ता तोच ठेवा म्हणे!

«विकास मंदावतोय हे गव्हर्नर स्वतःच भाषणात सांगतात, तरी व्याज वाढवतात. व्याज वाढवून तेल स्वस्त होतं का? हे सगळं बँकांचे खिसे भरायला. हप्ता वाढवू देऊ नका, मुदत वाढवून घ्या, काही बिघडत नाही. पुढे पाठवा.»

डिसेंबर 2022 मध्ये एका रात्री हे मिरजेच्या दाजींनी मला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'उद्या बँकेत जाऊन तसंच सांगतो.' म्हणून आधी हप्त्याचं वाक्य घेतो.

दाजींचं विश्रामबागच्या फ्लॅटचं कर्ज त्याच वर्षीचं, 20 लाख, 20 वर्षं, 7 टक्क्यांनी. हप्ता 15,506 रुपये. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे उसने देते तो रेपो दर मे 2022 पासून 7 डिसेंबरपर्यंत 4 वरून 6.25 टक्क्यांवर गेला. त्याला जोडलेलं कर्ज सव्वादोन टक्क्यांनी वाढून 9.25 वर जाणार होतं. मुद्दल जवळपास अख्खं बाकी होतं, सोयीसाठी 20 लाखच धरू. त्यावर एका महिन्याचं व्याजच 15,417 रुपये होतं. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जमा होणार 89 रुपये! या चालीनं कर्ज फिटायला जवळजवळ 56 वर्षं लागतील. दाजी तेव्हा पंचेचाळीसचे. एवढी मुदत कुठली बँक देईल? मुदत तशीच ठेवली तर हप्ता 18,317 होतो. 2,800 रुपयांचा चटका खराच आहे, पण त्यात कर्ज तरी फिटतं.

आता तेलाचं. व्याज वाढवून सूर्यफुलाच्या तेलाचा डबा उतरत नाही, हे मान्य. युद्ध युक्रेनमध्ये चाललंय, मुंबईतल्या बैठकीनं ते थांबत नाही. पण महागलेलं तेल आणि डिझेल पुढे वडापावात, रिक्षाभाड्यात, शिकवणीच्या फीमध्ये उतरतं, आणि एकदा वाढलेली फी पुन्हा खाली येत नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी भाषणात बोट ठेवलं ते यावरच: अन्न आणि इंधन वगळूनही महागाई चिकटून बसली होती. कर्ज महागलं की उधारीवरची खरेदी जरा थांबते, आणि दुकानदार भाव वाढवताना दोनदा विचार करतो. हा परिणाम दिसायला काही तिमाह्या जातात.

मग विकासाचं काय? 2022-23 च्या विकासदराचा अंदाज रिझर्व्ह बँकेनं 7 वरून 6.8 टक्क्यांवर आणला. गाडीचा वेग कमी झाला होता, गाडी मागे गेलेली नव्हती. महागाई मात्र जानेवारी 2022 पासून ऑक्टोबरपर्यंत एकही महिना 6 टक्क्यांखाली आली नाही. कायद्यानं लक्ष्य 4 टक्के आणि वरची हद्द 6. सलग तीन तिमाह्या ती ओलांडली की रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणं लिहून द्यावी लागतात, आणि त्यासाठी 3 नोव्हेंबरला खास बैठक झाली. अर्जुनाचा डोळा महागाईवर, असं दास म्हणाले ते उगाच नाही.

बँकांचे खिसे? कर्जाचं व्याज लगेच वाढवतात आणि ठेवीचं रडतखडत, एवढं खरं. पण दर ठरवणाऱ्या समितीतल्या सहा जणांपैकी एकही कुठल्या व्यापारी बँकेचा प्रतिनिधी नसतो.

म्हणून त्यांना लिहिलं: दाजी, उद्या बँकेत जाच. पण गेल्या महिन्याच्या हप्त्यातून मुद्दलात किती गेले, तेवढं विचारून मला फोन करा.