बटण दाबा, इतिवृत्त तयार!

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त हातानं लिहायचे दिवस गेले. फोन टेबलावर ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि सभा संपली की एआयला सांगायचं, ‘याचा सारांश काढ.’ त्याहून जास्त एक अक्षर सांगू नका. सभेला कोण कोण होतं आणि कोणता शब्द कशासाठी वापरतात, याचा कागद आधीच तयार ठेवणारे काही चिकित्सक सेक्रेटरी असतात. त्यांच्या नादी लागलात तर इतिवृत्तातली सगळी मजाच जाईल.

समजा, पुण्यातली ३२ फ्लॅटची सोसायटी आहे आणि विषय पुनर्विकासाचा आहे. सभेत ठरलं, ‘पीएमसीला पत्र देऊन पंधरा दिवसांत फिजिबिलिटी रिपोर्ट मागवू.’ पुण्यात पीएमसी म्हणजे महानगरपालिका, हे शेंबडं पोरही सांगेल. पुनर्विकासात मात्र पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. त्यातून त्याच सभेत कुणीतरी ‘पीएमसीतून जुने नकाशे काढायला हवेत’ असंही म्हणतो, तेव्हा ती महापालिकाच असते. तुम्ही काही सांगितलं नसेल, तर एआय दोन्हींचं एकच करून टाकतो: ‘महानगरपालिकेकडून फिजिबिलिटी रिपोर्ट मागवण्याचे ठरले.’ मराठी निर्दोष, वाक्य ऐटदार, म्हणून वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. पत्र महापालिकेत जातं आणि कन्सल्टंट महिनाभर निवांत राहतो.

हे टाळायला ते चिकित्सक लोक प्रत्येक शब्दासाठी चार गोष्टी लिहितात: शब्द, त्याचा या सभेतला अर्थ, रेकॉर्डिंगमध्ये तो कसा बिघडून येतो आणि कशाशी गल्लत करायची नाही. त्यांचा कागद असा दिसतो:

```
पीएमसी | पुनर्विकासाचा सल्लागार | - | महापालिका नव्हे; नकाशे, मंजुरी, कर असा संदर्भ असेल तरच महापालिका
टीडीआर | हस्तांतरणीय विकास हक्क | टेंडर, टीडियार | निविदा नव्हे
```

दुसरी ओळ पाहिलीत? ‘टीडीआर’ भरभर म्हटलं की मजकुरात ‘टेंडर’ उमटू शकतं. पुनर्विकासाच्या सभेत टेंडरचीही चर्चा असते, त्यामुळे चूक कुठेच खटकत नाही. ‘टीडीआर घ्यायचा खर्च बिल्डरचा’ या बोलण्याचं ‘टेंडरचा खर्च बिल्डरचा’ झालं, की एक पूर्ण जबाबदारी इतिवृत्तातून गायब. आवाजाचा मजकूर करणारा प्रोग्राम वेगळा असेल, तर हे लोक त्यालाही शब्द पुरवतात. व्हिस्पर नावाच्या अशा प्रोग्राममध्ये त्यासाठी `initial_prompt` असतो, पण तो २२४ टोकनांपर्यंतच, म्हणजे शब्दांच्या तेवढ्याच तुकड्यांपर्यंत बघतो आणि देवनागरी टोकनं भराभर खाते. म्हणून तिथे नुसते शब्द द्यायचे आणि अर्थ सारांशाच्या वेळी. एवढा खटाटोप कशाला? टेंडर तर टेंडर.

हजर माणसांची यादी तर मुळीच देऊ नका. यादी नसली की मजकुरात ‘वक्ता १’, ‘वक्ता २’ राहतात आणि एआय त्यांना अंदाजानं सोसायटीचे सभासद करून टाकतो. सभेला बोलावलेला बिल्डरचा प्रतिनिधी म्हणाला, ‘आम्ही २४ महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ.’ सारांशात आलं: ‘संस्था सभासदांना २४ महिन्यांचे भाडे आगाऊ देईल.’ बिल्डरचं आश्वासन सोसायटीच्या डोक्यावर बसलं, तेही सोसायटीच्याच कागदावर. खजिनदारांनी हे वाचताना जवळ पाणी ठेवावं.

यादी देणारे लोक नावापुढे चार गोष्टी लिहितात: भूमिका, फ्लॅट नंबर, मताचा अधिकार आणि सभेत त्या माणसाला काय म्हणून हाक मारतात. शेवटची गोष्ट बारीक दिसते, पण सगळा घोळ तिथेच होतो. सोसायटीत दोन जोशी असतात. एक खजिनदार, त्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात. दुसरे भाडेकरू, ते ‘जोशीकाका’. जोशीकाका तळमळीनं दहा मिनिटं बोलतात आणि यादी नसेल तर सारांशात लिहून येतं, ‘खजिनदार श्री. जोशी यांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला.’ अण्णांचा तर विरोध होता. फोन नंबर आणि ईमेल मात्र ते चिकित्सक लोकही या यादीत घालत नाहीत. सारांशाला त्यांचा काही उपयोग नाही.

आणखी एक खोड त्यांना असते. बोलावलेल्यांची यादी वेगळी आणि हजर असलेल्यांची वेगळी. तुम्हाला यादी द्यायचीच असेल तर सरळ ३२ जणांचं रजिस्टर चिकटवा. सभेला २४ आले असले तरी एआय उदार मनानं ३२ जणांची हजेरी लावेल, आणि नागपूरला लेकीकडे गेलेल्या आजींच्या तोंडी एखादी सूचनाही घालेल. आवाज नेमका कुणाचा हे कळावं म्हणून हे लोक सभेच्या सुरुवातीला प्रत्येकाला नाव आणि फ्लॅट नंबर बोलायला लावतात. शिवाय एआयला सांगून ठेवतात, ‘खात्री नसेल तिथे नाव लिहू नकोस, वक्ता अनिश्चित असं लिही.’ अशानं सारांश अर्धवट दिसतो हो! नाव चुकीचं असलं तरी चालेल, पण जागा रिकामी दिसता कामा नये.

आता कुणी फारच आग्रह धरला आणि शब्दांची यादी द्यावीच लागली, तर कंजुषी करू नका. अख्खे उपविधी, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे पुनर्विकासाबद्दलचे २०१९ चे निर्देश आणि मागच्या पाच वर्षांची इतिवृत्तं, सगळं एकदम द्या. मग बघा गंमत. निर्देशांत ५१ टक्के सभासदांच्या संमतीचा उल्लेख आहे. तुमच्या सभेत नुसती चर्चा झाली, हात कुणी वर केला नाही, तरी सारांशात येईल: ‘प्रस्ताव ५१ टक्के संमतीने मंजूर.’ यादीतली माहिती सभेची माहिती म्हणून आत शिरते ती अशी. म्हणूनच ते लोक त्या सभेत खरोखर येणारे पंधरा-वीस शब्दच देतात, प्रत्येकाला एकच ओळ, आणि आकडे कटाक्षानं टाळतात. कागदाच्या माथ्यावर लिहितात, ‘ही यादी फक्त ओळखण्यासाठी आहे. मजकुरात जे बोललं गेलं नाही ते सारांशात घेऊ नकोस.’ कागद मजकुराच्या आधी जोडतात, म्हणजे वाचायला लागतानाच अर्थ ठाऊक असतो.

एवढं करूनही त्यांचं समाधान होत नाही. सारांश आला की ते ‘पीएमसी’, ‘टीडीआर’ आणि ‘जोशी’ हे शब्द शोधून प्रत्येक जागा मूळ मजकुराशी ताडून पाहतात. गैरहजर माणसाचं नाव कुठे आलंय का ते बघतात आणि सारांशातला प्रत्येक आकडा रेकॉर्डिंगमध्ये कोणत्या मिनिटाला आहे ते विचारतात. यादी दिली तरी चूक राहू शकते, असं म्हणे त्यांना वाटतं. जिथे पीएमसी कोणती ते संदर्भावरूनही कळत नाही, तिथे यादीचाही इलाज चालत नाही. सेक्रेटरीलाच फोन उचलून विचारावं लागतं.

तुम्ही फोन उचलू नका. पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. तिथे भरभर वाचा. अण्णांनी हात वर केलाच, तर चूक पेनानं दुरुस्त करा, पण शब्दांच्या यादीत तिची नोंद करू नका. नाहीतर त्याच्या पुढच्या सभेला अण्णांना हात वर करायचं काही कारणच उरणार नाही.