पाय मोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

इंग्रजीतला वाक्प्रचार मराठीत आणायचा म्हटलं की काही लोक उगाच डोकं खाजवत बसतात. तुम्ही तसं करू नका. तुमच्याकडे शब्दकोश आहे, त्यात ‘ब्रेक’ म्हणजे मोडणे आणि ‘लेग’ म्हणजे पाय असं स्वच्छ छापलेलं आहे. मग मालिकेत रंगमंचावर निघालेल्या मुलीच्या कानाशी लागून तिची जिवलग मैत्रीण हसत ‘ब्रेक अ लेग’ म्हणते, तिथं उपशीर्षकात बिनधास्त लिहा: ‘पाय मोड.’ दोनच शब्द, जागा कमी, एक अक्षरही सुटलेलं नाही. मूळ लेखकाशी इतकं इमान तर त्याच्या प्रकाशकानंही राखलं नसेल.

आता काही शंकेखोर प्रेक्षक विचारतील, की ही मैत्रीण अशी का बोलतेय? त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मराठीत पाय मोडण्याची भाषा ‘तंगडं मोडून हातात देईन’ या घराण्यातली आहे, म्हणजे धमकीची. त्यामुळे पुढचा अर्धा भाग प्रेक्षक त्या मैत्रिणीवर संशय धरून बघतील. लेखकाला जे रहस्य सुचलं नव्हतं ते तुम्ही फुकट घातलंत, याचं श्रेय मात्र कुणी देणार नाही.

इंग्रजी नटमंडळी असं का म्हणतात, हे शोधत बसणं हा तर शुद्ध वेळेचा अपव्यय. त्यांच्या रंगभूमीवर समजूत अशी, की प्रयोगाआधी उघड शुभेच्छा दिल्या तर हटकून विपरीत घडतं. म्हणून बोलायचं अशुभ आणि चिंतायचं शुभ. जर्मनमध्येही मान आणि पाय मोडो अशा अर्थाची शुभेच्छा आहे, आणि इंग्रजी प्रयोग तिथूनच आला असावा असं बरेच जण मानतात. इटालियन माणूस ‘लांडग्याच्या तोंडात जा’ म्हणतो आणि समोरचा ‘मरो तो लांडगा’ असं उत्तर देतो. फ्रेंच रंगकर्मी एकमेकांना सरळ विष्ठेचं नाव ऐकवतात, आणि बॅले नर्तकांनी तोच शब्द उचललाय, कारण ज्याचं पोट पायावर चालतं त्याला पाय मोडण्याची गंमत फारशी वाटत नसावी. अब्राहम लिंकन यांचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ 1865 मध्ये गोळी झाडून रंगमंचावर उडी मारताना पाय मोडून बसला, त्यावरून हा प्रयोग पडला, अशी एक चटकदार कथाही सांगतात. पण शुभेच्छा म्हणून या शब्दांच्या छापील नोंदी विसाव्या शतकातल्या आहेत, तेव्हा ती कथा चहाबरोबर ठीक. तुम्ही मात्र ती तळटीप म्हणून उपशीर्षकात घालाच. ओळ पडद्यावर जेमतेम दीड-दोन सेकंद राहते, तेवढ्यात लिंकन सहज मावतो.

एक गोष्ट मात्र मनात येऊ देऊ नका, नाहीतर सगळा डाव फसेल. मराठीची खोड इंग्रजी नटांच्या बरोबर उलट आहे. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’, दिवा विझवायचा तर ‘शांत केला’, देवापुढे नारळ फोडला तरी ‘वाढवला’. म्हणजे ते शुभ चिंतताना अशुभ बोलतात आणि आपण अशुभ घडलं तरी शुभच बोलतो. ज्या भाषेला फुटलेली काच फुटली म्हणवत नाही, तिच्या तोंडी तुम्ही ऐन प्रयोगाच्या क्षणी ‘पाय मोड’ घालताय. शब्द दोन्हीकडे तेच राहिले, पण त्यांच्यामागची रीत इकडे आलीच नाही, आणि सगळा अर्थ तर त्या रीतीतच होता.

हाच नियम उलटा लावून पाहायचा मोह होईल, तोही आवरा. ‘एका दगडात दोन पक्षी’ शब्दशः चालतं, मग ‘पाय मोड’ का नाही, असा बिनतोड सवाल टाका आणि उत्तराची वाट पाहू नका. उत्तर एवढंच आहे, की दगड आणि दोन पक्षी हे चित्र बघताच अर्थ कळतो, ते कुठल्याही भाषेत गेलं तरी बोलतं. मोडलेल्या पायाच्या चित्रात मात्र शुभेच्छा कुठेच दिसत नाही. चित्र स्वतः अर्थ सांगतं का, ही परीक्षा आधी घेतली तर निम्मे घोटाळे वाचतात. म्हणूनच ती घेऊ नका.

आता सर्वांत घातक सवयीकडे वळू, म्हणजे जुळणारी म्हण शोधण्याकडे. काही कष्टाळू अनुवादक आधी वाक्प्रचार बाजूला ठेवतात आणि साध्या मराठीत चार गोष्टी लिहून काढतात: कोण बोलतंय, कोणाला, कधी, आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळायला हवं. आपल्या प्रसंगात उत्तर असं येतं: जिवलग मैत्रीण, तिच्याच वयाच्या मुलीला, पडदा उघडण्याआधी, घाबरू नकोस आणि छान कर. या ओळीत पायही नाही आणि मोडणंही नाही. मग ते स्वतःला विचारतात, की अशा वेळी मराठी माणूस काय म्हणतो? ‘प्रयोग रंगू दे.’ संपलं! वरिष्ठ अभिनेत्रीला असेल तर ‘प्रयोग रंगू दे, ताई’, कारण इंग्रजीला न पडणारा तू-तुम्हीचा प्रश्न इथं सोडवावाच लागतो. परीक्षेला किंवा सामन्याला निघालेल्याला प्रयोग रंगवून चालणार नाही, तिथं ‘फत्ते कर’ किंवा नुसतं ‘छान होऊ दे’. इतकं बिनकष्टाचं उत्तर दिलं तर अनुवादकाचं पांडित्य दिसणार कसं?

डबिंगवाले तर याच्याही पुढचे. नटाचा चेहरा जवळून दिसत असेल तर ते ओठ बघतात. ‘ब्रेक अ लेग’ ओठ मिटून सुरू होतं आणि तीन ठोक्यांत संपतं. म्हणून ते ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘म’ने सुरू होणारं आणि तेवढ्याच ठोक्यांचं काही शोधतात: ‘फत्ते कर’, ‘मैदान मार’. ‘प्रयोग रंगू दे’ची सुरुवात जुळते, पण ते पाच ठोक्यांचं आहे, म्हणून ते पाठमोऱ्या दृश्यासाठी राखून ठेवतात. हे असले चाळे करू नका. ओठ मिटलेले असताना ‘आ’ ऐकू आला तर प्रेक्षक म्हणतील, ध्वनिमुद्रण बिघडलंय. शिव्या तुम्हाला नाही, दुसऱ्यालाच पडतील.

म्हण शोधायचीच असेल तर निदान पहिली सापडेल ती उचला. एकाच पिसांचे पक्षी एकत्र उडतात, असं इंग्रजी आजी कौतुकानं आपल्या दोन पुस्तकवेड्या नातवंडांबद्दल म्हणते. तुम्ही लिहा, ‘चोर चोर मावसभाऊ.’ अर्थ जुळला, फक्त नातवंडं चोर झाली. ‘एकाच माळेचे मणी’ लिहिलंत तरी तीच गत, कारण तेही आपण नाक मुरडूनच म्हणतो. म्हणीला अर्थाबरोबर चेहराही असतो, कुणी हसरी, कुणी तिरकस, आणि तो पाहायला फार वेळ लागत नाही: ती म्हण कुणाबद्दल बोललेली आपण ऐकतो, त्या माणसाला ती ऐकवली तर तो खूश होईल का, एवढंच विचारायचं. कौतुक हवं असेल तर आजीच्या तोंडी ‘दोघांचं भारी मेतकूट जमलंय’ शोभतं, आणि बोलणारा जुन्या वळणाचा प्राध्यापक असेल तर ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’.

याच उत्साहात लंडनच्या पोलीस अधिकाऱ्याला ‘कर्तव्य आधी’ म्हणायचं असेल, तर त्याच्या तोंडी खुशाल ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ घाला. ‘इकडे आड तिकडे विहीर’ किंवा ‘नाचता येईना अंगण वाकडे’ त्याच्या तोंडी कुणाला खटकत नाही, कारण आड, विहीर आणि अंगण कुणाचंही असू शकतं. तानाजी मात्र लंडनच्या पोलिसात नव्हता, ही बारीकसारीक अडचण सोडून द्या.

खरी कसोटी पुढे आहे. तीच मुलगी तिसऱ्या अंकात अडखळून पडते, पायाला प्लास्टर लागतं आणि शुद्धीवर येताच म्हणते, ‘तुझं ऐकलं बघ.’ आता ‘प्रयोग रंगू दे’ लिहिलेल्या शहाण्यांची पंचाईत, कारण विनोद पायावर उभा आहे आणि पाय तर त्यांनी काढून टाकला! इथं तुम्ही विजयी मुद्रेनं आपलं ‘पाय मोड’ दाखवा. ते बिचारे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडतील, आणि अर्थावरून न शोधता अवयवावरून शोधतील. पाय घसरणे नको, त्यात चारित्र्य येतं. पाय काढणे नको, ते निघून जाणं. पाय रोवून उभी राहा, हे चालेल पण पाठांतरासारखं वाटतं. मग त्यांना ‘हातपाय गाळणे’ सापडेल. मैत्रीण पहिल्या अंकाआधी म्हणेल, ‘हातपाय गाळू नकोस.’ धीर देणं तेच, वेळ तीच. आणि प्लास्टरमधली मुलगी म्हणेल, ‘हात शाबूत आहेत, पाय तेवढा गळाला.’ पुढचा विनोद आधी वाचून मागची ओळ लिहायची, ही यातली लबाडी. तुम्ही मात्र ओळी आल्या तशा एकेक करून उरकत जा.

एवढं करूनही आपल्या ओळीबद्दल खात्री वाटत नसेल, तर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी प्रसंग वाचायला देऊन ‘ती मैत्रीण काय म्हणतेय?’ असं विचारता येतं. तो अर्धा क्षण थांबला तरी ओळ फसली असं समजायचं. पण असा माणूस गाठू नका, तो उगाच खरं बोलतो.

आणि शेवटचा सल्ला त्यांच्यासाठी, जे सुधारले आहेत. ‘ब्रेक अ लेग’ला ‘प्रयोग रंगू दे’ हे उत्तर एकदा सापडलं, की ते शब्दसूचीत टाका आणि ‘सगळीकडे बदला’ दाबून मोकळे व्हा. शुभेच्छा असते तेव्हा ते वाक्य आज्ञार्थी आणि सुटं असतं, आणि ‘जर’, ‘तर’, ‘त्याचा’, ‘तिचा’ असे शब्द आजूबाजूला आले की बहुधा खराच पाय मोडलेला असतो, हा फरक सूचीत टिपून ठेवायची गरज नाही. मग पुढच्या आठवड्यात इस्पितळाचं माहितीपत्रक तुमच्याकडे आलं, की त्यात आपोआप छापून येईल: ‘जिन्यावरून पडून प्रयोग रंगल्यास रुग्णाला हलवू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.’