फॉल आधी भिजवायचा असतो

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी घरातूनच फॉल-बीडिंगची कामं घेतात. कर्वेनगरात बऱ्याच जणींना त्या ठाऊक आहेत. गेल्या महिन्यात म्हणाल्या, "इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत बघायची चित्रं असतात ना, तशी माझ्या कामाची करून दे. सुरुवात कशी झाली वगैरे."

मी पोटापाण्यासाठी हेच करते, त्यामुळे मसुदा अर्ध्या तासात तयार. 'लहानपणापासून साड्यांची आवड. एका छोट्या खोलीतून सुरू झालेला प्रवास. प्रत्येक टाक्यात आपुलकी.' वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?"

लाज वाटली, कारण खरंच कोणाचंही होतं. साड्यांऐवजी लोणची आणि टाक्यांऐवजी फोडी घातल्या असत्या, तरी मजकूर तसाच चालला असता.

मग प्रश्न बदलला. 'का सुरू केलंत?' असं विचारलं की माणूस आवड आणि जिद्द सांगतो, त्याचाही नाइलाज असतो. मी विचारलं, "पहिली साडी कोणाची होती, आणि तिचं काय बिघडलं होतं?"

आता वहिनी बोलायला लागल्या. साडी नणंदेची, इरकल. फॉल बाहेरून लावून आणलेला. पहिल्याच धुण्यानंतर खालच्या काठाला चुण्या पडल्या आणि निऱ्या पायापाशी फुगायला लागल्या. नणंद साडीला दोष देत होती. वहिनींनी फॉल उसवून नव्या फॉलशेजारी पसरला, तर चार बोटं आखूड! सुती फॉल कोरा असतानाच लावला होता. पाणी लागल्यावर तो आटला, साडी तेवढी आटली नाही, आणि फॉलने काठ स्वतःबरोबर ओढून घेतला. वहिनींनी दुसरा फॉल रात्रभर भिजवला, वाळवला, इस्त्री केली आणि दोरा न ताणता हाताने लावला. नणंदेच्या ऑफिसातल्या दोघींनी विचारलं. मुलीच्या क्लासची फी भरायची होतीच, म्हणून वहिनींनी पैसे घ्यायला सुरुवात केली.

एवढीच गोष्ट. पण त्यातून वहिनींचा आजचा नियमही कळतो: 'दोन दिवस लागतील.' माझ्या मते सुरुवातीची गोष्ट सांगायची ती यासाठीच. गिऱ्हाइकाला आज जी गोष्ट खटकते, तिचं कारण त्या पहिल्या दिवसात सापडलं पाहिजे. ते सापडत नसेल तर गोष्ट सांगू नये, सरळ दरपत्रक टाकावं.

सहा चित्रं केली. पहिल्यावर चुण्या पडलेल्या काठाचा अगदी जवळून काढलेला फोटो आणि एकच ओळ: 'पहिल्या धुण्यानंतर काठ असा का होतो?' वहिनींचं नाव नाही, हसरा फोटोही नाही. दुसऱ्यावर दोन फॉल शेजारी-शेजारी: 'दोन्ही एकाच गठ्ठ्यातले. आखूड आहे तो एकदा पाण्यातून काढलेला.' दुसरं चित्र एकटंही कळलं पाहिजे, कारण पहिल्यावर न थांबणाऱ्याला तीच पोस्ट कधीकधी दुसऱ्या चित्रापासून पुन्हा दिसते. तिथे 'आणि मग एके दिवशी…' असं काही असेल तर त्याला काहीच कळणार नाही. तिसऱ्यावर नणंदेची साडी आणि क्लासची फी, जशी घडली तशी.

चौथ्यावरून आमचं वाजलं. सुरुवातीला वहिनींनी एक मरून फॉल भिजवला, पण रंग जातो का ते पाहिलं नाही. पुढे धुताना पिस्ता रंगाच्या साडीचा काठ गुलाबी झाला. तेव्हापासून त्या ओला फॉल पांढऱ्या फडक्यावर दाबून बघतात. हे लिहायला त्या लगेच तयार झाल्या. मी पुढे जोडलं होतं, 'साडीची पूर्ण किंमत परत दिली.' मला ती सगळ्यांत चांगली ओळ वाटत होती. वहिनी म्हणाल्या, "ते काढ. चूक मी केली, पैसे द्यायचेच होते. ते लिहिलं की चुकीचीसुद्धा जाहिरात होते." काढलं. चित्र आता पांढऱ्या फडक्यावरच्या मरून डागावर संपतं.

पाचव्यावर दोन दिवसांचा हिशेब: रात्री भिजवणं, दिवसा वाळवणं, मग इस्त्री आणि हातशिलाई. सहाव्यावर दर आणि वेळ. दुपारी १ ते ४ बंद, हे मी गमतीत लिहिलं होतं, पण त्या म्हणाल्या, "राहू दे, खरंच आहे."

पोस्ट टाकली त्या संध्याकाळी पहिला मेसेज आला: 'उद्या सकाळपर्यंत मिळेल का?' वहिनींनी उत्तरादाखल पाचवं चित्र पाठवलं आणि खाली टाइप केलं, 'पावसाळ्यात तीन दिवस.'

हे मला आधी सांगितलंच नव्हतं. आता पाचवं चित्र पुन्हा करायला बसले आहे.